दातेबाईंचं इंग्रजी

दातेबाईंचं आडनाव दाते नव्हे. खरं आडनाव ओळखपत्रावर होतं आणि तिथेच सुखात राहत होतं. बाकी जगासाठी त्या दातेबाई, कारण त्या दात करायच्या. लोकांचे पडलेले, झिजलेले, तुटलेले दात त्यांच्याकडे प्लास्टरच्या साच्यातून यायचे आणि पोर्सेलिनचे होऊन परत जायचे. दंतवैद्य ते फक्त चिकटवायचे आणि सगळं कौतुक पदरात पाडून घ्यायचे. बाईंची त्याबद्दल तक्रार नव्हती. अडचण वेगळीच होती. कोणी हसलं की बाईंचं लक्ष आधी वरच्या चार दातांकडे जायचं, आणि विनोद त्यांना मागाहून, बाकीचे हसून मोकळे झाल्यावर कळायचा. घरात त्या 'उशिरा हसणारी बाई' म्हणून प्रसिद्ध होत्या.

त्यांची लॅब म्हणजे एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या. एकीत प्लास्टरची धूळ, दुसरीत भट्टी आणि बाई. मालक वयस्कर गृहस्थ. अलीकडे त्यांचा हात थरथरू लागला होता आणि दाताच्या कामात थरथरणारा हात म्हणजे गवयाचा बसलेला गळा. एके सकाळी त्यांनी बाईंना समोर बसवलं आणि घसा खाकरून सांगितलं, "बाई, लग्नाचा हंगाम संपला की मी दुकान आवरतो. तुमचं बघून ठेवा."

बाईंचं बघायचं म्हणजे काय बघायचं? बहुतेक लॅबमध्ये आता यंत्रं दात कोरत होती आणि त्यांना कॉम्प्युटर चालवणारी मुलं हवी होती. हाताने थरावर थर चढवून पुढचे दात करणारी माणसं शोधणारी एकच जागा बाईंना ठाऊक होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोठी, नावाजलेली. तिची मालकीण बाहेरून आलेली, तिला मराठीचा गंध नव्हता. तिथे अर्ज करायचा तो इमेलने आणि इंग्रजीतून.

बाईंचं इंग्रजी कामापुरतं होतं. पावडरच्या डब्यांवरच्या सूचना त्या घडाघडा वाचायच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तर त्यांना डॉक्टरांपेक्षा चांगल्या लागायच्या. पण 'मी चांगली आहे, मला घ्या' हे त्यांनी मराठीतसुद्धा कधी कुणाला म्हटलं नव्हतं. लग्न ठरताना ते काम मामांनी केलं होतं.

घरात मात्र इंग्रजीचे दोन तज्ज्ञ होते आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. एक धाकटा दीर. एका मोठ्या कचेरीत आवक-जावक सांभाळत त्याची उमेदीची वर्षं गेली होती. दुसरी म्हणजे बाईंची मुलगी, कॉलेजात शिकणारी. तिच्या मते काकाचं इंग्रजी टाय लावून झोपायचं.

दिराने कोरा कागद पुढे ओढला. "वहिनी, तुम्ही फक्त सही करा. रिस्पेक्टेड मॅडम. विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन, आय बेग टू स्टेट..."

"म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे, आदरपूर्वक आणि नम्रपणे मी निवेदन करण्याची भीक मागते."

"भीक कशाला मागू? काम मागतेय ना?"

"अहो, तशी पद्धत असते."

"काका, ती पद्धत तुमच्या कचेरीतच उरलीय," मुलगी म्हणाली. "त्या बाईला वाटेल आईने गुन्हा केलाय आणि माफी मागतेय. आई, आण गं इकडे."

तिच्या फोनवर लिहून देणारं एक ॲप होतं. तिने त्याला चार शब्द सांगितले, आई, दात, अनुभव, नोकरी, आणि चहा गाळेपर्यंत पत्र तयार. काय पत्र होतं ते! बाई त्यात 'पॅशनेट' होत्या, 'डायनॅमिक' होत्या. परिपूर्णतेचा ध्यास घेऊन त्या उत्कृष्टतेच्या प्रवासाला निघाल्या होत्या आणि ह्या लॅबच्या दूरदृष्टीत स्वतःची भर घालायला अतिशय उत्सुक होत्या. एकही चूक नाही. स्वल्पविरामसुद्धा इस्त्री केलेले.

बाईंच्या नवऱ्याने चष्मा लावून ते ऐकून घेतलं. ते लिफ्ट दुरुस्त करायचे आणि दिवसभर शाफ्टमध्ये ओरडून बोलल्यामुळे घरी जपून बोलायचे. ते म्हणाले, "बाई चांगली वाटतेय. कोण आहे?"

सगळे हसले. दातेबाईही हसल्या, नेहमीप्रमाणे थोड्या उशिराने. मग पत्र गेलं.

दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. घरच्या मंडळींनी लॅपटॉप टेबलावर ठेवून ते असं वाचलं, जसं काही ते चावणार होतं. मालकिणीने तीनच वाक्यं लिहिली होती. पत्राबद्दल आभार. ह्या महिन्यात मला उत्कृष्टतेच्या प्रवासाला निघालेली बरीच माणसं भेटली. तुमच्याकडे परत आलेल्या एखाद्या कामाबद्दल मला लिहाल का?

'परत आलेलं काम' ही धंद्यातली भाषा. रोग्याला दातावरची कॅप बसली नाही, टोचली, रंग जुळला नाही, की डॉक्टर ती परत पाठवतात आणि लॅब मुकाट्याने नव्याने करून देते. अशी कामं प्रत्येक लॅबमध्ये असतात आणि अर्जात कुणाच्याच नसतात.

"सापळा आहे," दीर म्हणाला. "वहिनी, कबुली द्यायची नाही. लिहा, नो सच इन्स्टन्स हॅज ऑकर्ड."

"खोटं आहे ते."

"खोटं नाही, कार्यालयीन आहे."

मुलीने बाजूही बदलली नाही आणि ॲपही. "आई, तू एखादी छोटीशी चूक सांग. हे तिला छान करून देईल."

बाईंनी थोडा विचार केला आणि कंडक्टरचा दात सांगितला. बसमधल्या एका कंडक्टरचा वरचा पुढचा दात तुटला होता. त्याला रंग बघायला लॅबमध्ये बोलावलं, तो ड्यूटी संपवून संध्याकाळी आला. बाईंनी ट्यूबलाइटच्या उजेडात रंगांचे नमुने त्याच्या दाताशेजारी धरले, एक निवडला, कॅप केली. लॅबमध्ये जोडीदार दाताशेजारी ती ओळखू येईना. आणि उन्हात बाहेर गेल्यावर ती हिरवट पिवळी दिसली. दिव्याचा उजेड आणि दिवसाचा उजेड ह्यांची रंगाबाबत एकवाक्यता नसते, हे बाईंना पुस्तकातून माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.

मुलीने हे फोनला सांगितलं आणि आलेलं वाचून दाखवलं. त्यात 'आव्हानात्मक प्रकाशपरिस्थितीमुळे उद्भवलेली शिकण्याची मौल्यवान संधी' होती आणि 'भागधारकांचं समाधान' होतं.

"भागधारक कोण?" बाईंनी विचारलं.

"कंडक्टर."

पहिलं पत्र वाचताना बाईंना गंमत वाटली होती. परक्या कपड्यात फोटो काढला तर वाटते तशी. पण ही चूक त्यांची स्वतःची होती. तिच्यापायी त्यांना रात्री नीट झोप लागली नव्हती. आणि आता ती चूकसुद्धा कुणा दुसऱ्याच बाईच्या नावावर गेली होती, त्या बाईला तर झोपही छान लागली असावी.

"हे नको," त्या म्हणाल्या. "ती मालकीण काही मूर्ख नाही. तिने मला विचारलंय. मीच सांगायला पाहिजे."

"पण आई, तुझं इंग्रजी..."

"माझं इंग्रजी लंगडतं, हे मला ठाऊक आहे. पण तिथे गेले तर मीच जाणार आहे ना? पत्रातली ती चटपटीत बाई काही रोज बसने यायची नाही माझ्याबरोबर."

दिराने पेनाला टोपण घातलं, जे तो कचेरी सुटेपर्यंत कधी घालत नसे.

मग काय झालं, की नवऱ्याने त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला आणि विचारलं, "मला सांग. तो कंडक्टर परत आला तेव्हा काय म्हणाला?"

आणि बाई सांगू लागल्या. मराठीत, हातवारे करत, जसं त्या रोज जेवताना लॅबच्या गोष्टी सांगायच्या तसं. कंडक्टर जिना चढून आला, टोपी काढली आणि म्हणाला, बाई, हा दात घरी माझा असतो आणि बसमध्ये दुसऱ्याचा. रागावला नव्हता. पण तिकिटं फाडताना तो तोंड मिटून घ्यायला लागला होता, आणि तोंड मिटून कंडक्टरकी होत नाही. बाईंना दोन दिवस लाज वाटली आणि मग कुतूहल वाटायला लागलं. दुपारी त्यांनी त्याला खाली फुटपाथवर उभं केलं, सावलीत, पण उघड्या आभाळाखाली. नमुन्यांचा जुडगा घेऊन त्याच्या तोंडात बघत बसल्या. जाणारे-येणारे थांबले. कुणीतरी विचारलं, काय विकताय?

नवऱ्याला हसू आलं. मुलगीही हसली. तिने फोन उलटा ठेवला होता.

"आई, हेच लिही की."

"हे काय पत्रात लिहितात?"

"तिने हेच मागितलंय."

अशी कामाला सुरुवात झाली. बाई एक वाक्य मराठीत मोठ्याने म्हणायच्या. मग त्यातलं आपल्याला इंग्रजीत काय येतं ते शोधायच्या. वाक्य लांब असलं की शब्द सापडायचे नाहीत, म्हणून ते तोडून दोन करायच्या. मराठीतला शब्द तसाच्या तसा उचलला की इंग्रजी भलतंच व्हायचं. 'तोंडात मारल्यासारखं झालं' हे लिहायला गेल्या तेव्हा मुलीने त्यांना वेळीच आवरलं, नाहीतर कंडक्टरने त्यांना मारलं असाच अर्थ निघाला असता. "शब्द नाही गं आणायचा, झालेलं आण," मुलगी म्हणाली. "तुला नक्की काय झालं?"

"लाज वाटली."

"मग तेवढंच लिही. आय वॉज अशेम्ड."

"फार उघडं नाही वाटत?"

"लाज उघडीच असते गं."

बाईंनी ते लिहिलं आणि पुढे स्वतःच जोडलं: फॉर टू डेज. देन आय वॉज क्युरियस. मुलगी त्या वाक्याकडे जरा वेळ बघत राहिली. फोनमधलं ॲप इथे 'मी पुढाकार घेऊन मूळ कारणांचा शोध घेतला' असं म्हणालं असतं, हे तिला माहीत होतं. तिने ते वाक्य तसंच राहू दिलं.

मायलेकींत करार ठरला. जिथे मालकिणीला चुकीचं कळेल तिथे मुलगी दुरुस्त करणार. जिथे नुसतं साधं वाटेल तिथे हात लावणार नाही. ह्या करारावर लगेच भांडणं सुरू झाली. बाईंनी दात 'वॉज केम बॅक' केला होता, तो मुलीने 'केम बॅक' केला. चूक ती चूक. कंडक्टर 'पेशंट मॅन, बट नॉट सायलेंट' होता, तिथे मुलीचा हात शिवशिवला.

"हे जरा विचित्र आहे."

"चूक आहे का?"

"चूक नाही. पण असं कुणी म्हणत नाही."

"मी म्हणते. तो गप्प बसणारा नव्हता, पण शांत होता. मग काय लिहू?"

राहिलं ते. मग बाईंनी हळूच एक 'व्हेरी' घातला, मग आणखी एक. मुलीने दोन्ही काढले. "आई, तू मराठीत कधी 'अतिशय' म्हणतेस का?" बाईंनी आठवून बघितलं. शेवटचं त्या भट्टी बिघडली तेव्हा म्हणाल्या होत्या.

एका जागी मात्र बाईच अडखळल्या. लाजेची आणि कुतूहलाची वाक्यं सोडली तर सबंध पत्रात 'मी' कुठे नव्हतं. रंग बघितला गेला, कॅप झाली, परत आली, पुन्हा केली गेली. वर्षानुवर्षं बाई अशाच बोलत आल्या होत्या. लॅबमध्ये 'मी केला' म्हणणारा उद्धट समजला जायचा. दात व्हायचा. मुलीने दाखवून दिलं तेव्हा बाई कानकोंड्या झाल्या.

"हे वाचून वाटतंय, भट्टीनेच सगळं केलं," मुलगी म्हणाली.

"पण 'मी, मी' किती लिहायचं? बढाई मारल्यासारखं वाटतं."

नवऱ्याने सुचवलं, "चुकीत तरी लिही 'मी'. चुकीत कुणी बढाई म्हणत नाही."

म्हणून बाईंनी आधी चुकीच्या वाक्यात 'मी' घातलं. मी दिव्याखाली रंग बघितला. मी घाईत होते. आणि ते तिथे बसल्यावर पुढच्या वाक्यांत आपोआप यायला लागलं. मी आता खिडकीशी रंग बघते. दुपारी बघते. रोग्याचं तोंड कोरडं पडण्याआधी बघते, कारण कोरडा दात पांढरा दिसतो आणि फसवतो. लिपस्टिक पुसायला सांगते. फार वेळ टक लावत नाही, मध्ये करड्या कागदाकडे बघून डोळे मोकळे करते. लिहिता लिहिता बाईंच्या लक्षात आलं की हे आपल्याला येतं. बरंच येतं. आणि ते सांगायला त्यांना एकही भारी शब्द लागला नव्हता.

पत्र पूर्ण झालं तेव्हा दीर दारात उभा होता. बोलावलं नव्हतं म्हणून रुसलेला, आणि तरीही आलेला.

"वाचू?"

मुलीने तोंड वाकडं केलं, पण बाईंनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. त्याने हात मागे बांधून, ओठ हलवत वाचलं. बेग नाही, हंबल नाही, ह्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावरून एकदा जाऊन आलं. फुटपाथवरच्या प्रसंगाला मिशीतल्या मिशीत हसला. शेवटी आला आणि थांबला.

"वहिनी, झकास आहे. पण अर्जात अर्ज कुठाय?"

"म्हणजे?"

"गोष्ट सांगितली. चांगली सांगितली. पण तुम्हाला नोकरी पाहिजे की नाही, हे कुठे लिहिलंय? ती बाई वाचेल, हसेल आणि दुसऱ्या कागदाला हात घालेल. आणि विषयाची ओळ मोकळी सोडलीय. तिच्याकडे दिवसाला किती पत्रं येत असतील? फोन नंबरही नाही. माझं अख्खं आयुष्य बिनविषयाची पत्रं शोधण्यात गेलंय, म्हणून सांगतो."

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. खरंच नव्हतं. सगळं लिहिलं होतं आणि मागायचं तेच राहिलं होतं. लाजेने नव्हे, तर इतकी वर्षं मागायची सवयच नसल्याने.

"आता घाला ते तुमचं बेग टू स्टेट," बाई म्हणाल्या.

"छे," दीर म्हणाला. "इथे शोभणार नाही. तुमच्या पद्धतीने लिहा."

मग बाईंनी एकटीने, कुणाला न विचारता, शेवटची वाक्यं लिहिली. ती अशी होती: आमची लॅब हंगामानंतर बंद होतेय. मला पुढचे दात करायला आवडतात आणि ते हाताने करणारी जागा तुमचीच आहे. मला ही नोकरी हवी आहे. मी येऊन एक दात करून दाखवू शकते. खाली फोन नंबर घातला आणि विषयाच्या ओळीत दिराच्या आग्रहाने लिहिलं: पुढच्या दातांच्या कामासाठी अर्ज, परत आलेल्या कामाबद्दल तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दिराने त्या ओळीकडे असं बघितलं, जसं आजोबा नातवाकडे बघतात.

मालकिणीने बोलावलं. तिच्या उत्तरात कौतुक नव्हतं. वार होता, वेळ होती आणि 'स्वतःचे ब्रश आणा' एवढं होतं.

त्या दिवशी बाई ब्रश रुमालात गुंडाळून गेल्या. वाटेत त्यांनी स्वागताची चार इंग्रजी वाक्यं पाठ केली होती आणि दारातून आत जाताच ती चारही विसरल्या. मालकीण त्यांच्याच वयाची, हाताला पोर्सेलिनचा पांढरा भुगा. तिने हात पुसला, पुढे केला आणि इंग्रजीत विचारलं, प्रवास कसा झाला. बाई म्हणाल्या, "बस वॉज फुल. आय स्टूड. नो प्रॉब्लेम, हँड्स आर फाइन."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, गेलं सगळं. पण मालकिणीच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतंच. पत्रात अशीच तर बोलली होती ही बाई. पहिल्या पत्राच्या जोरावर त्या आल्या असत्या, तर एव्हाना मालकीण दाराकडे बघत राहिली असती, मागून ती दुसरी येतेय का म्हणून.

मालकिणीने बाईंना एक रिकामी जागा दाखवली, साचा दिला आणि आपल्या कामाला लागली. दुपारपर्यंत बाईंनी थर चढवले, भट्टीत घातले, काढले, घासले, पुन्हा घातले. शेजारचा तंत्रज्ञ अधूनमधून तिरक्या नजरेने बघत होता. शेवटी मालकीण उठून आली, दात चिमट्याने उचलला, सगळ्या बाजूंनी फिरवला आणि कडेच्या एका जागी नख हलकेच टेकवलं.

"हिअर, टू मच," ती म्हणाली.

बाईंनी वाकून बघितलं. खरं होतं. एक कड जरा फुगली होती.

"यस," त्या म्हणाल्या. "आय डिड इट. आय विल टेक इट डाउन."

मालकिणीने मान डोलावली, स्वतःचं स्टूल ओढून शेजारी बसली, आणि आपलंही इंग्रजी असंच कामापुरतं आहे, घरी आपण भलत्याच भाषेत भांडतो, असं काहीबाही सांगायला लागली. मग पहिल्या तारखेपासून किती वाजता यायचं ते सांगितलं. सांगता सांगता ती हसली. बाईंचं लक्ष तिच्या वरच्या डाव्या दाताकडे गेलं. चांगलं काम होतं, हाताचं.

हसायचं होतं हे त्यांना जिना उतरताना कळलं, आणि त्या एकट्याच हसल्या.